देवराव फोटोवाल्याने पुसलेले ठिपके

सावली या गावी देवराव निमगडेकडून फोटो काढून घेतला की तो ओळखायला शेजारी बोलवावा लागतो, अशी चेष्टा गावात चालायची. चेष्टा असली तरी ती अगदीच निराधार नव्हती. देवरावच्या स्टुडिओत आत जाताना माणसाच्या गालावर तीळ असायचा, फोटोत नसायचा. कपाळावरची खोक, ओठावरचा व्रण, उन्हानं पडलेले वांग, सगळं त्याच्या पेन्सिलीखाली नाहीसं व्हायचं. खिडकीशी तिरक्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून, सुईसारखं टोक केलेल्या शिसपेन्सिलीनं तो एकेका डागावर हळूहळू रेघोट्या भरत बसे. निगेटिव्हवर शिसं भरलं की कागदावर तेवढी जागा उजळ उमटते, आणि चेहरा कसा धुतल्यासारखा होतो. लग्नजुळवणीसाठी मुलींचे फोटो काढायला लोक मूल गावाहूनसुद्धा त्याच्याकडे येत, ते काही उगाच नाही.

पण धंद्याची सवय अंगात मुरली की ती धंद्यापुरती राहत नाही. देवरावला डाग म्हणून सहनच व्हायचा नाही. लग्नात गेला तर नवरदेवाच्या खांद्यावरचा दोरा उचलायचा, जेवायला बसला तर भातातले काळे दाणे आधी वेचून ताटाच्या कडेला लावायचा. बोलताना समोरच्याच्या शर्टावर काही दिसलं की त्याचं लक्ष बोलण्यातून गेलंच समजा. जित्याची खोड, दुसरं काय.

ही खोड एकदाच कोणी त्याच्या तोंडावर फेकली होती. त्याची मुलगी कांता गडचिरोलीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रक्त तपासायचं शिक्षण घेत होती. तिच्यासोबत शिकणारी बुधरी, भामरागडकडची माडिया मुलगी, अर्जाला लावायचा फोटो काढायला एकदा स्टुडिओत आली. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते. देवरावनं आपल्या समजुतीनं ते काढून टाकले आणि वर म्हणाला की आता कशी सिनेमातल्यासारखी दिसते. बुधरीनं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत मेजावर ठेवला.

"हे मी नाई," ती म्हणाली. "माह्यावाला द्या."

देवरावला पुन्हा फोटो काढावा लागला. मेहनतीनं काढलेले ठिपके कोणी परत मागतं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्याला त्या मुलीचा रागच आला.

कांता त्याची एकुलती एक. तिची आई गुलाब, कांता चालायला लागायच्या आत वारली. तेव्हापासून बापच आई. धानाच्या रोवणीच्या चिखलात पोरीचा पाय पडू द्यायचा नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बारावी सायन्स झाली आणि दवाखान्यात शिकायची संधी मिळाली तेव्हा त्यानं स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला धरून ते सांगितलं. आता शिक्षण संपत आलं होतं. प्रयोगशाळेत मदतनिसाची एकच जागा होती, शिकणाऱ्या मुली सहा. चाचणी घ्यायची आणि पहिली येईल तिला जागा द्यायची, असं ठरलं होतं. त्या जागेवर देवरावचा जीव अडकला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख नीलाबाई मेश्राम. बाई कडक, आणि त्यांच्या दवाखान्यात मायक्रोस्कोप एकच. सहा मुली एकामागून एक त्यात डोकावत. पहिलीचा हात फिरकीला लागला की काचपट्टी सरकायची आणि दुसरीला भलतंच काही दिसायचं. मग भांडण, की तिला सोपं आलं आणि मला अवघड. यावर बाईंनी तोडगा काढला. रंगवलेल्या रक्ताच्या काचपट्टीचा मायक्रोस्कोपातून एक फोटो काढायचा, त्याच्या सहा प्रती करायच्या, प्रत्येकीपुढे एकेक. रंग दिसणार नाहीत, कारण फोटो काळापांढरा. पण बाईंना तेच हवं होतं. गुलाबी दिसली ती तांबडी पेशी आणि जांभळी दिसली ती पांढरी, असं रंगावरून कोणीही सांगेल. पेशी केवढी आहे आणि तिच्यात केंद्रक आहे की नाही, यावरून नाव सांगता आलं पाहिजे.

जवळपास असलं काम करील असा फोटोवाला देवरावच. बाई त्याला म्हणाल्या की तुमची मुलगी परीक्षेला आहे, हे मला माहीत आहे, म्हणून शब्द द्या. देवरावनं बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून शब्द दिला, आणि तो पाळलाही. कॅमेऱ्याचं तोंड मायक्रोस्कोपच्या नळीवर टेकवून, भोवती काळं कापड गुंडाळून त्यानं फोटो काढला. पहिला कच्चा फोटो बाईंना नेऊन दाखवला. बाईंनी पसंत केला, याच्यावरून प्रती करा म्हणाल्या, आणि त्याची ख्याती ऐकून असल्यामुळे बजावलं, "देवरावभाऊ, हे दोन मोठे गोल आहेत ना, त्याच्यातले काळे डाग पुसजा नोका. तेच पाह्याचं आहे पोरीयले."

देवरावनं मान डोलावली. घरी येऊन त्यानं निगेटिव्ह मेजावर लावलं आणि कच्चा फोटो शेजारी ठेवला. मोठ्या गोलांतल्या काळ्या डागांना त्यानं हात लावला नाही, सांगितलं तसंच केलं. बाकी सगळीकडे एकसारखे लहान गोल पसरलेले होते, मध्ये जरा फिकट, ते त्याला फार आवडले. पण त्या गोलांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक बारीक काळे ठिपके होते. कुठे एक, कुठे तीन-चार मिळून. फिल्मला टोचे, म्हणजे बारीक भोकं, पडले की असेच ठिपके येतात. देवरावला चुकचुकल्यासारखं झालं. एवढं नामी काम, परीक्षेचा फोटो, डॉक्टर पाहणार, आणि त्याच्यावर घाण? त्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि एकेक ठिपका भरून टाकला. मग सहा प्रती काढून, पाकीट लाखेनं बंद करून बाईंकडे पोचतं केलं. कच्चा फोटो आणि निगेटिव्ह लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं. कांताला त्यानं अंधारखोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा येऊ दिलं नाही.

चाचणी झाली त्या दिवशी कांता संध्याकाळच्या गाडीनं परतली ती उड्या मारतच. पेपर सोपा होता, म्हणाली. चंद्रपूरहून डॉक्टर आले होते, त्यांनीच पाकीट फोडलं, समोर बसून बाईंनी लिहून दिलेल्या उत्तरांवरून तपासलं आणि जेवायच्या आत निघून गेले. बाई दिवसभर वॉर्डात होत्या. पाच जणींचं सगळं बरोबर आलं होतं. आता बाकीच्या प्रश्नांचे गुण मिळवून उद्या निकाल लागणार होता आणि त्यात कांता सगळ्यांच्या पुढे होती. फक्त बुधरीचं चुकलं होतं.

"मायक्रोस्कोपवर सगळ्यायत हुशार तेच होती," कांता म्हणाली, "अन् इथी सोप्यात पडली. बाईलेबी वाईट वाटलं."

देवरावला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग सहज, पोरीचं कौतुक ऐकायला म्हणून, त्यानं विचारलं की होतं तरी काय त्या फोटोत. आता सांगायला हरकत नव्हती. कांता तांदूळ निवडत बसली होती. तिनं सुपातच मांडून दाखवलं. लाखोळीच्या डाळीचे दाणे पसरले. या तांबड्या पेशी, म्हणाली. सगळ्यांत जास्त याच, साधारण एका मापाच्या, आणि यांच्यात केंद्रक नसतं. मधे फिकट दिसतं ते केंद्रक नव्हे, तिथे पेशी चेपलेली असते म्हणून. केंद्रक रंग ओढून घेतं, ते गडद दिसणार. मग तिनं दोन वाल ठेवले. या पांढऱ्या, तांबडीपेक्षा मोठ्या, आणि यांच्या पोटात गडद केंद्रक. एकीत ते गोल होतं आणि जवळजवळ सगळी पेशी भरून होतं, दुसरीत त्याचे तुकडे जोडल्यासारखे होते. आणि शेवटी तिनं तांदळाची कणी चिमटीत घेऊन दाण्यांच्या मधल्या जागेत भुरभुरली.

"अन् ह्या प्लेटलेट. तांबडीच्या पाव-तिजाईएवढ्या, केंद्रक नाई. जखम झाली का रक्त ह्याच थांबवते. नवीन मानसाले वाटते कचरा पडला."

देवराव सुपाकडे पाहत राहिला. कुठे एक कणी, कुठे तीन-चार मिळून.

"तुले दिसल्या का त्या? फोटोत?"

"दिसाचं काय त्याच्यात, बाबा? रक्त म्हटलं का त्या राह्यतेच. बारीक आल्या असन. मी लिवलं, लहान, केंद्रक नाई, विखुरलेल्या. सगळ्यायनं लिवलं."

"अन् बुधरीनं?"

"तिनं लिवलं, तांबड्या आहे, पांढऱ्या आहे, प्लेटलेट या फोटोत नाई." कांता हसली. "असं लिवते का कोनी?"

देवरावला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि सकाळी त्याच्या पायाला भिंगरी लागली. कांता निकालाला म्हणून पहिल्या गाडीनं गेली. त्यानं स्टुडिओची फळी काढली, पुन्हा लावली. तळ्यापर्यंत गेला, पाण्याकडे न पाहताच परत आला. चहा मागवला आणि तो निवून गेला. एक बाई मुलाच्या बारशाचा फोटो न्यायला आली, तिला त्यानं दुसऱ्याच कोणाचा फोटो दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण आपल्याकडेच पाहतो आहे, असं त्याला वाटत होतं.

शेवटी त्यानं पेटी उघडली. कच्चा फोटो खिडकीशी धरला. होते. सगळे ठिपके होते. भिंगातून पाहिलं तर त्यांच्या कडासुद्धा दिसत होत्या, आणि तो त्यांना टोचे समजला होता.

ही गोष्ट जगात कोणालाच माहीत नव्हती. हा एक कागद चुलीत घातला की संपलं. कांताला जागा मिळणार. पांढरा कोट घालून ती सकाळी गाडीत बसणार, आणि गावातल्या लोकांनी ते पाहावं म्हणून देवराव स्टँडवर उभा राहणार. त्यानं कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. चूक चांगल्या मनानं झाली होती. आणि त्या बुधरीचं काय, हुशार आहे, लागेल कुठेतरी. असं तो स्वतःला समजावत होता, पण भामरागडच्या मुलीला कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे, ते काही त्याला सुचत नव्हतं. पावसाळ्यात ज्यांचा रस्ताच बंद होतो, त्यांच्यासाठी कोणी नोकऱ्या घेऊन बसलेलं नसतं. आणि त्याला सारखं ते आठवत होतं. फोटो मेजावर परत ठेवून ती म्हणाली होती, हे मी नाही. तेव्हाही तिनं जे होतं तेच मागितलं होतं.

त्यानं टर्पेंटाइनची बाटली काढली. कापसाचा बोळा भिजवून निगेटिव्हवरून हलके फिरवला. पेन्सिलीचं शिसं विरघळून बोळ्याला लागलं. तिथल्या तिथे एक नवी प्रत काढली, ओलसरच कागदात गुंडाळली, कच्चा फोटोही घेतला. गाडी गेलेली होती. बांबू उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक गडचिरोलीकडे निघाला होता, त्यात ड्रायव्हरशेजारी बसून तो गेला. वैनगंगेच्या पुलावर आल्यावर ड्रायव्हरनं विचारलं की भाऊ, कोणी सिरीयस आहे काय. देवराव हो म्हणाला.

प्रयोगशाळेत नीलाबाई एकट्याच कागद लावत बसल्या होत्या. देवरावनं दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. मोठ्या गोलांना हात लावला नाही, पण बारीक होते ते घाण समजून पुसले. शब्द मोडला नाही, पण काम मोडलं. बाईंनी कपाटातून परीक्षेची एक प्रत काढली आणि तिन्ही फोटो शेजारी ठेवून एकेक करून पाहिले. देवरावला वाटलं की आता बोल लावतील. पण बाईंचा राग स्वतःवर होता. उत्तरं मी कच्च्या फोटोवरून लिहून दिली, म्हणाल्या, आणि पाकिटातला फोटो एकदा उघडून पाहिला नाही. जे पोरींना महिनोन्‌महिने शिकवलं, ते मीच केलं नाही.

मग त्यांनी मुलींना आत बोलावलं. बाप इथे कसा, म्हणून कांता दारातच थबकली. बाईंनी परीक्षेची प्रत आणि भिंग एकेकीच्या हातात दिलं आणि प्लेटलेट दाखवा म्हणाल्या. पहिलीनं शोधल्या, दुसरीनं शोधल्या. तिसरीनं एका तांबड्या पेशीच्या कडेवर बोट ठेवलं आणि मग काढून घेतलं. कांतानं भिंग डोळ्याला लावलं, फोटो खिडकीकडे वळवला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बुधरीच्या हातात फोटो देण्याची गरजच नव्हती.

काय झालं ते बाईंनी सांगितलं. फोटोवाल्याची चूक होती, हेही सांगितलं, पण त्यावर त्या थांबल्या नाहीत. कांताकडे पाहून म्हणाल्या, "उद्या ताप आलेला मानूस येईल. त्याच्या प्लेटलेट खरंच संपत आल्या असतील. तू न पाहता लिहशील, आहेत म्हणून. मंग त्याच्या नाकातून रक्त वाहत राहील अन् डॉक्टर तुझा कागद पाहून घरी पाठवील. असं नाई चालत, बाई."

जागा बुधरीला मिळाली. बुधरी हसली नाही, रडली नाही. तिनं फक्त टेबलावरचा खरा फोटो उचलला आणि त्यातले ठिपके भिंगातून पाहू लागली, जसं काही अजूनही खात्री करून घ्यायची होती.

परतीच्या गाडीत बापलेकीला शेजारी जागा मिळाली होती, तरी कांता खिडकीकडे तोंड करून बसली. वाटेतलं व्याहाड गेलं, तरी तिनं तोंड वळवलं नाही. देवरावला धीर धरवेना. त्याचे हात मांडीवर काहीतरी चाचपत होते. मी सांगितलं नसतं तर तुला जागा मिळाली असती, असं तो शेवटी म्हणून गेला. म्हणायला नको होतं, ते त्यालाही कळलं.

"तुमी पुसलं," कांता म्हणाली, "अन् मी नव्हतं ते लिवलं. आता बोलू नोका, बाबा."

पण घरी आल्यावर तीच बोलली. भिंतीवर गुलाबचा फोटो होता, लग्नानंतरच्या वर्षी काढलेला. गोरापान, गुळगुळीत, एक रेघ नाही. कांतानं दुसऱ्या कोणत्याही रूपात आई पाहिलेली नव्हती. ती त्या फोटोखाली उभी राहिली आणि दुपारी प्रयोगशाळेत खिडकीशी उभी होती तशीच एकटक पाहू लागली. ती काय विचारणार ते देवरावला विचारायच्या आधीच कळलं होतं.

"ह्याच्यातून काय काय पुसलं?"

गुलाबला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, नाकावर, कपाळावर वण होते. लग्नात लोक कुजबुजले होते. फोटो काढताना तिनंच पदर ओढून घेतला होता आणि त्यानं तिला सांगितलं होतं, तू बस, मी सगळं साफ करतो. साफ झालेला फोटो पाहून ती खूश झाली की गप्प झाली, ते आता त्याला आठवायचं म्हटलं तरी आठवेना. खरं म्हणजे तिचे वण कुठे कुठे होते, हेही त्याला आता नीट आठवत नव्हतं.

मग त्यानं पेटी उघडली. तळातून गुलाबचं जुनं निगेटिव्ह काढलं. बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला. कांतानं निगेटिव्ह धरलं. बोळा फिरला तसं गालावरचं शिसं निघालं, कपाळावरचं निघालं. अंधारखोलीचा उंबरा कांता पहिल्यांदाच ओलांडत होती. तांबड्या दिव्याच्या उजेडात तबकातला कागद बापलेक दोघं वाकून पाहू लागले. आधी केस आले, मग पदराची कड, मग चेहरा, आणि चेहऱ्यावर एकेक करून वण येऊ लागले. डाव्या गालावर दाट, उजवीकडे विरळ, नाकाच्या शेंड्यावर एक.

कांता ते सगळे वण पाहून होईपर्यंत हलली नाही. मग तिनं ओल्या कागदाला बोट न लावता हळूच विचारलं, "हे आई आहे?"

"हो," देवराव म्हणाला. "हेच तुही आई आहे."

फोटो वाळल्यावर त्यानं जुना काढून हा भिंतीवर लावला. वर्षभरानं नीलाबाईंनी दुसऱ्या जागेसाठी चाचणी घेतली तेव्हा कांता पुन्हा बसली, पण या वेळी फोटो देवरावनं काढला नाही. तो बुधरीनं काढला.